गर्दीच्या टीमफाइटमध्ये साधा लॅपटॉप कुठे अडतो? डोटा २ घेऊन समजून घेऊ

डोटा २ हा पाच-पाच जणांच्या दोन संघांचा ऑनलाइन खेळ, आणि दोन्ही संघ एकत्र भिडतात ती टीमफाइट. साध्या लॅपटॉपवर तो चालतो का, असं विचारलं की दोन उलटी उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, "मस्त चालतो, साठ एफपीएस मिळतात." दुसरा म्हणतो, "खेळूच नकोस, फाइट सुरू झाली की हँग होतो." गंमत म्हणजे दोघांकडे बऱ्याचदा सारखाच लॅपटॉप असतो आणि दोघंही खरं बोलत असतात. पहिला सांगतो सामन्याच्या पाचव्या मिनिटाबद्दल, लेनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या एखाद्या वाटेवर, दोन हिरो आणि चार क्रीप, म्हणजे खेळ स्वतः चालवतो ते सैनिक, असतानाचं. दुसरा सांगतो पस्तिसाव्या मिनिटाबद्दल, रोशन या राक्षसाच्या गुहेसमोर दहा हिरो एकमेकांवर तुटून पडतात तेव्हाचं.

स्टीमवर या खेळाची किमान गरज म्हणून २.८ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम लिहिलेली आहे. त्यावर विसंबून काही ठरवू नये. खेळ उघडेल आणि चालेल एवढंच ती यादी सांगते. टीमफाइटमध्ये काय होईल, हे तिच्यात कुठेच नसतं.

आधी मोजायचं काय, ते बघू. एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर आली. पण हा आकडा सरासरीचा असतो आणि अडखळणं सरासरीत दडून बसतं. त्यापेक्षा एक चित्र तयार व्हायला किती वेळ लागला, हे बघितलेलं बरं. याला फ्रेम टाइम म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. साठ एफपीएस हवे असतील तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, तीस एफपीएससाठी ३३.३.

आता दहा सेकंदांची एक फाइट घ्या. त्यातल्या आठ फ्रेमना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले आणि बाकीच्या सगळ्या १६.७ मध्ये उरकल्या. आठ फ्रेमनी मिळून ०.८ सेकंद खाल्लं. उरलेल्या ९.२ सेकंदांत ५५२ फ्रेम बसल्या. एकूण ५६०, म्हणजे सरासरी ५६ एफपीएस. कागदावर हे उत्तम दिसतं. प्रत्यक्षात मात्र त्या दहा सेकंदांत आठ वेळा पडदा सेकंदाचा दहावा भाग गोठला, आणि त्यातला एखादा झटका नेमका तुम्ही बचावासाठी ब्लॅक किंग बार दाबायच्या क्षणी आला. म्हणूनच जाणकार '१ टक्का लो' विचारतात. सगळ्यांत मंद अशा एक टक्का फ्रेम बाजूला काढायच्या आणि त्यांचाच वेग बघायचा. वरच्या उदाहरणात तो येतो १० एफपीएस. खेळताना हाताला जे जाणवतं ते हेच.

खेळाच्या सेटिंगमध्ये `Display Network Information` चालू केलं की कोपऱ्यात एफपीएस आणि पिंग दिसतात. नुसती नजर ठेवायला ते पुरे आहे. झटके पकडायचे असतील तर कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन यांसारखं मोफत साधन वापरावं. ते प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवून ठेवतं, आणि त्याच्या आलेखात झटका सुळक्यासारखा वर आलेला दिसतो.

आता मूळ प्रश्न: फाइटमध्ये असं काय होतं की लॅपटॉपची दमछाक व्हावी? ऑनलाइन सामन्यात कोणाला किती डॅमेज झाला, कोण स्टन झालं, कोण मेलं, हा सगळा हिशोब खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या सर्व्हरवर होतो. सर्व्हर सेकंदाला ३० वेळा खेळाची स्थिती पुढे नेतो आणि त्याची खबर तुमच्याकडे पाठवतो. तुमच्या लॅपटॉपचं काम उरतं ते आलेली खबर पडद्यावर दाखवण्याचं. पण हे दाखवणंच फाइटमध्ये महाग पडतं.

अर्थशेकर या हिरोची इको स्लॅम ही शक्ती घ्या. टप्प्यात असलेलं प्रत्येक शत्रू युनिट एक प्रतिध्वनी सोडतं आणि तो आजूबाजूच्या इतर युनिटांना लागतो. समोर फक्त पाच हिरो असतील तर फारसं काही घडत नाही. पण समोर फँटम लान्सर असेल, त्याच्या दहा-बारा प्रतिमा पसरलेल्या असतील आणि जोडीला क्रीपची एक लाट असेल, तर वीसेक युनिटं सहज होतात. वीस जणांचा प्रतिध्वनी उरलेल्या एकोणीस जणांना लागला, तर पापणी लवायच्या आत पावणेचारशेच्या वर आघात झाले. यातलं डॅमेजचं गणित सर्व्हर करतो. लॅपटॉपला त्या वीस युनिटांचे सांगाडे प्रत्येक फ्रेमला हलवायचे असतात, त्यांच्या डोक्यावरच्या हेल्थबार बदलायच्या असतात, प्रतिध्वनींची चमक आणि धूळ उडवायची असते, आवाज वाजवायचे असतात, मेलेल्यांचं कोसळणं दाखवायचं असतं आणि किलची पाटी चढवायची असते. युनिटं दुप्पट झाली की ही कामं दुपटीपेक्षा जास्त वाढतात. लेनमधल्या एफपीएसवरून फाइटचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

ही कामं दोन ठिकाणी वाटलेली असतात. युनिटं हलवणं, कणांचा हिशोब, इंटरफेस आणि 'हे काढ, ते काढ' असे हुकूम तयार करणं ही मुख्यतः प्रोसेसरची कामं. ते हुकूम घेऊन प्रत्यक्ष रंग भरणं ग्राफिक्सचं. यातलं बरंचसं प्रोसेसरचं काम अशा साखळीत असतं की एक संपल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही. बँकेत चार खिडक्या आहेत, पण तुमचा अर्ज ज्या सहीसाठी अडलाय ती एकाच खिडकीवर मिळते, तसं हे आहे. त्यामुळे टास्क मॅनेजर प्रोसेसरचा एकूण वापर ५५ टक्के दाखवतो आणि माणूस खुशाल म्हणतो, "प्रोसेसर तर निम्मा मोकळा आहे!" मोकळ्या असतात त्या बाकीच्या खिडक्या. कामांची ती साखळी, म्हणजे मुख्य धागा, धरून ठेवणारा कोअर पूर्ण भरलेला असतो.

ग्राफिक्सच्या बाजूला त्रास वेगळा. धूर, आग, प्रकाश हे पारदर्शक असतात. एखादी भिंत दुसरीच्या मागे असेल तर मागची रंगवायची गरज नसते, पण धुरामागचा धूर रंगवावाच लागतो. फाइट पडद्याच्या मधोमध असते, सगळे इफेक्ट तिथेच एकावर एक चढतात आणि तेच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवले जातात.

साध्या लॅपटॉपमध्ये या दोन्ही बाजू एकाच चिपवर राहतात आणि भांडण तिथूनच सुरू होतं. पातळ लॅपटॉपमधल्या अनेक प्रोसेसरची मुक्कामी वीजमर्यादा १५ वॅट असते. त्या पंधरा वॅटमध्ये प्रोसेसर आणि अंगभूत ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. सुरुवातीला थोडा वेळ चिप या मर्यादेच्या वर धावू शकते, पण ही सवलत काही सेकंदांचीच असते. नंतर ती मर्यादेत येते, आणि ग्राफिक्सने जास्त वीज ओढली की प्रोसेसरचा वेग उतरतो. खोक्यावर लिहिलेला टर्बो वेग फाइटमध्ये तुमच्या वाट्याला येत नाही तो याच कारणाने.

मेमरीचंही तसंच. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. लॅपटॉपमध्ये डीडीआर४-२४०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइटची ये-जा होऊ शकते. दोन पट्ट्या दोन चॅनलवर असतील तर ३८.४. स्वस्तातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असते आणि धूर रंगवताना नेमकी हीच वाट तुंबते.

लॅपटॉप कुठे अडतो हे न बघता सगळं `Low` वर टाकणं मला पटत नाही. खेळ कुरूप होतो आणि झटके तसेच राहतात, असं फार वेळा होतं. आधी तपास करावा, आणि डोटात त्यासाठी एक छान सोय आहे: रिप्ले. ऑनलाइन सामन्यातली कोणतीही फाइट दुसऱ्यांदा तशीच्या तशी येत नाही, त्यामुळे सेटिंग बदलून तुलना करता येत नाही. रिप्लेमध्ये तीच फाइट, तेच दहा हिरो, त्याच अल्टी, म्हणजे हिरोंच्या सगळ्यांत मोठ्या शक्ती, पाहिजे तेवढ्या वेळा मिळतात. आपल्याच एखाद्या सामन्याचा रिप्ले उतरवून घ्या आणि कॅमेरा खेळाडूच्या नजरेवर ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी तेच दृश्य येईल. एक पथ्य मात्र पाळा. रिप्ले पुढे पळवला की खेळाला मधला सगळा भाग घाईने उलगडावा लागतो आणि त्यानेच मोठे झटके येतात. म्हणून फाइटच्या मिनिटभर आधी जाऊन थांबा, तिथून साध्या वेगाने चालू द्या आणि मगच मोजायला लागा. मोठा अपडेट आला की जुने रिप्ले नीट चालतीलच असं नाही, तेव्हा तपास एका बैठकीत उरकावा.

`Demo Hero` मध्ये हिरो उभे करून किंवा आपल्याच यंत्रावर बॉटबरोबर लॉबी उघडून चाचणी करायचा मोह होतो. तो टाळा. तिथे सर्व्हरचं काम तुमचाच प्रोसेसर करत असतो. डॅमेजचा सगळा हिशोब, बॉटची हालचाल, सगळं त्याच्याच डोक्यावर येतं. दुबळ्या प्रोसेसरवर निकाल खऱ्या सामन्यापेक्षा वाईट दिसेल आणि तुम्ही उगाच हाय खाल.

आता एक तपास पायरीपायरीने करून बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण चित्र नेहमीचंच आहे. लॅपटॉप दोन कोअर आणि चार थ्रेडचा, १५ वॅटचा, अंगभूत ग्राफिक्स, ८ जीबीची एक पट्टी, पडदा १३६६ बाय ७६८. सेटिंग मधली. लेनमध्ये फ्रेम टाइम १४ मिलिसेकंद, म्हणजे सत्तरच्या आसपास एफपीएस. फाइटमध्ये तो ३८ वर जातो, म्हणजे २६ एफपीएस, आणि त्यात दोन सुळके १८० मिलिसेकंदांचे.

काहीही न बदलता तीच फाइट लगेच पुन्हा चालवा. ३८ तसाच राहिला, पण १८० चे दोन्ही सुळके गायब झाले. याचा अर्थ ते सुळके ताकद कमी पडल्याचे नव्हते. एखाद्या अल्टीचा इफेक्ट त्या बैठकीत पहिल्यांदाच दिसला, त्याची चित्रं डिस्कवरून आणावी लागली किंवा त्याचे शेडर, म्हणजे रंग कसा भरायचा ते ग्राफिक्सला सांगणारे छोटे प्रोग्राम, त्याच क्षणी तयार करावे लागले, आणि तेवढा वेळ पडदा थांबला. दुसऱ्यांदा सगळं मेमरीत हजर होतं. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हा त्रास फार होतो, आणि त्यावर खेळ एसएसडीवर हलवण्याइतका चांगला उपाय नाही. ग्राफिक्सची सेटिंग कितीही खाली आणली तरी हे सुळके जात नाहीत. सुळके दुसऱ्यांदाही आले, पण दर वेळी वेगळ्या जागी, तर संशय रॅमवर घ्या. ४ जीबीमध्ये विंडोज, स्टीम, ब्राउझर आणि डोटा एकत्र बसत नाहीत. मग विंडोज मेमरीतला माल डिस्कवर ठेवतं आणि ऐन फाइटमध्ये परत मागतं. किमान गरजेत ४ जीबी लिहिली असली तरी सलग खेळासाठी ८ च्या खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुळके बाजूला पडले, राहिले ३८ मिलिसेकंद. आता फक्त `Game Screen Render Quality` ची पट्टी १०० वरून ५० वर आणा, बाकी कशाला हात लावू नका. या पट्टीने खेळाचं दृश्य कमी पिक्सेलमध्ये रंगवलं जातं, म्हणजे ग्राफिक्सचं काम घटतं. प्रोसेसरच्या कामात काही फरक पडत नाही, युनिटं तेवढीच आणि हुकूमही तेवढेच. लेनमध्ये १४ चे ११ झाले. फाइटमध्ये ३८ चे ३५. चित्र पार धूसर झालं आणि हातात आले तीन मिलिसेकंद! म्हणजे ही फाइट प्रोसेसरवर अडलेली आहे. हेच ३८ चे २२ झाले असते तर ग्राफिक्स दोषी ठरलं असतं आणि ही पट्टी ७० च्या आसपास ठेवून काम भागलं असतं. जे तीन मिलिसेकंद मिळाले, तेही बहुधा ग्राफिक्सने वीज कमी ओढली आणि ती प्रोसेसरला मिळाली म्हणून.

दोष प्रोसेसरचा ठरला की कोणत्या सेटिंगला हात लावायचा हे बदलतं. पहिला नंबर सावल्यांचा. सावली ही ग्राफिक्सची चैन आहे असं समजतात, पण सावली पाडणारं प्रत्येक युनिट सावलीसाठी पुन्हा एकदा काढावं लागतं. वीस युनिटांच्या गर्दीत हुकमांची संख्या त्याने फुगते आणि ते हुकूम प्रोसेसरलाच तयार करायचे असतात. `Shadow Quality` पूर्ण बंद केली की फाइटमध्ये जाणवेल इतका फरक पडतो. त्यानंतर `Effects Quality` कमी करा. `Animate Portrait` बंद करा, खाली हिरोचं हलतं डोकं फाइटमध्ये कोणी बघत नाही. `Ambient Creatures` आणि `Ambient Cloth Simulation` हेही जाऊ देत. एवढं करून तीच फाइट चालवली तर आपल्या उदाहरणात ३५ चे २७ झाले, म्हणजे ३७ एफपीएस. २६ वरून ३७ ही उडी हाताला लगेच कळते.

याउलट `Texture Quality` एकदम तळाला नेऊन फारसं काही मिळत नाही. त्याचा संबंध मेमरीशी आहे. रॅम पुरेशी असेल तर ती मधल्या पायरीवर राहू द्या, हिरो ओळखता तरी येतील.

आता धूसर केलेलं चित्र परत आणू. प्रोसेसर अडलेला असताना ग्राफिक्स उपाशी ठेवून उपयोग नाही. `Game Screen Render Quality` पुन्हा ८० वर न्या आणि `FidelityFX Super Resolution` चालू करा. ही एएमडीची सोय डोटात २०२१ मध्ये आली आणि ती इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवरही चालते. कमी पिक्सेलमध्ये रंगवलेलं चित्र ती मोठं करताना कडा टोकदार ठेवते. फाइट २७ वरच राहिली, फार तर २८ झाली. म्हणजे जवळपास फुकटात चित्र सुधारलं. मिलिसेकंदांचा हा आकडा एकदम वर गेला, तर समजायचं की दोन्ही बाजू काठावर आहेत, आणि ७० वर थांबायचं.

पण गार लॅपटॉपवर सुरुवातीलाच केलेली चाचणी अर्धवट असते. फाइट सामन्याच्या उत्तरार्धात येते आणि तोवर लॅपटॉप अर्धा-पाऊण तास तापलेला असतो. म्हणून एक पूर्ण सामना खेळा आणि त्याच्या पाठोपाठ तोच रिप्ले चालवा. २७ चे ३३ झाले, तर उष्णतेने सहा मिलिसेकंद खाल्ले. पंखा साफ करणं, लॅपटॉप गादीवर न ठेवणं, चार्जर लावून खेळणं हे तर करावंच. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतात. पण मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटतो तो उपाय लोकांना उलटा वाटतो: एफपीएसला लगाम घालणं.

लेनमध्ये काहीच घडत नसताना लॅपटॉप सत्तर-ऐंशी एफपीएस काढत बसतो. त्यातले पंचवीस-तीस तुमच्या काहीच कामाचे नसतात, पण त्यांच्यासाठी चिप पूर्ण ताकदीने तापत असते. फाइट येते तेव्हा तिच्यात दम उरलेला नसतो. खेळाची कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडून एवढं लिहा:

```
fps_max 45
```

आता लेनमध्ये प्रत्येक फ्रेमला २२ मिलिसेकंद मिळतात, काम १२-१४ मध्ये संपतं आणि उरलेला वेळ चिप विश्रांती घेते. तासाभराने तीच फाइट ३३ ऐवजी २८ वर राहिली, तर लगामाचं काम झालं. दुसरा फायदा असा की लेन ४५ आणि फाइट ३६ यांतला फरक हाताला फारसा बोचत नाही. ऐंशीवरून तिसावर पडणं मात्र फार बोचतं, जरी सरासरी जास्त असली तरी. माणसाला एकसारखी मंद गती चालते, अचानक बदललेली चालत नाही.

लगाम म्हणून `VSync`, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवायची सोय, वापरू नये. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एखाद्या फ्रेमला १६.७ ऐवजी १८ मिलिसेकंद लागले, तर ती पुढच्या ठोक्यापर्यंत, म्हणजे ३३.३ पर्यंत, अडकून राहू शकते. जो लॅपटॉप सतत काठावर चालतो त्याच्यावर याने झटके वाढतात. शिवाय माऊसचा क्लिक आणि पडद्यावरचा परिणाम यांत अंतर पडतं ते वेगळंच.

इतकं सगळं करूनही खऱ्या सामन्यात फाइट तुटते आणि रिप्लेमध्ये मात्र तीच फाइट व्यवस्थित चालते, असं झालं तर लॅपटॉपला दोष देणं थांबवा. रिप्ले डिस्कवरून चालतो, त्यात इंटरनेटचा भाग नसतो. खात्री करायची सोपी खूण आहे. फाइट अडखळत असताना माऊस कडेला नेऊन कॅमेरा सरकवा. नकाशा झुळझुळीत सरकतो पण हिरो जागच्या जागी उड्या मारतात, तर सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीची पॅकेट वाटेत हरवत आहेत. नकाशा सरकवणं हे पूर्णपणे तुमच्या लॅपटॉपचं काम आहे, हिरो कुठे आहेत ते सर्व्हर सांगतो. नकाशाच धक्के खात सरकला तर दोष यंत्राचा. गर्दीच्या फाइटमध्ये सर्व्हरकडून येणारी माहितीही वाढते, त्यामुळे दुबळं वायफाय लेनमध्ये निभावून नेतं आणि फाइटमध्ये उघडं पडतं. म्हणून दोन्ही गोष्टींना लोक सरसकट 'लॅग' म्हणून मोकळे होतात.

मग साध्या लॅपटॉपवर फाइट सलग चालते का? चार कोअरचा १५ वॅटचा प्रोसेसर, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीतल्या आय५-८२५०यू सारखा किंवा त्यानंतरचा, ८ जीबी रॅम दोन पट्ट्यांत विभागलेली आणि एसएसडी, एवढं असेल तर वर सांगितलेल्या सेटिंगवर खुशाल खेळा. फाइटमध्ये एफपीएस पडतील, पण हातातून खेळ निसटणार नाही. दोन कोअरच्या जुन्या आय३ वर चाळिसाच्या आसपास लगाम घालून जमतं. सेलेरॉन किंवा पेंटियमच्या सहा वॅटच्या दोन कोअरवाल्या चिपवर मात्र कुठल्याही सेटिंगने जमत नाही. लेन चालते, फाइट चालत नाही, कारण तिथे एकेका कोअरची ताकदच तोकडी असते आणि ती ताकद कुठल्या पट्टीने वाढत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रमही तपासातूनच ठरवा. पहिल्या वेळचे सुळके जास्त असतील तर आधी एसएसडी. रेंडरची पट्टी खाली केल्यावर फाइट बरीच सुधारली, म्हणजे ग्राफिक्स अडत होतं, तर रॅमची दुसरी पट्टी. त्याआधी लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट आहे का ते बघा, अनेक पातळ मॉडेलांत रॅम बोर्डलाच जोडलेली असते. आणि रेंडरची पट्टी ५० वर आणूनही फाइट जागची हलली नाही, सावल्या बंद करून जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद मिळाले, तर त्या लॅपटॉपवर पैसे घालू नका. प्रोसेसर बोर्डला पक्का जोडलेला असतो, तो बदलता येत नाही.